ऑफिसातलं सीक्रेट गिफ्ट: चिठ्ठ्या अशा काढा की आयोजकालाही कळणार नाही

बहुतेक ऑफिसांत सीक्रेट गिफ्टचा कार्यक्रम एका डब्यापासून सुरू होतो. नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, प्रत्येकाने एक उचलायची, स्वतःचंच नाव आलं तर परत टाकून दुसरी घ्यायची. मीही पहिल्या वर्षी हेच केलं होतं. डबा शेवटच्या माणसापाशी पोचला तेव्हा आत एकच चिठ्ठी उरली होती आणि तिच्यावर त्याचंच नाव होतं. मग कुणीतरी म्हणालं, "माझी घे, तुझी मला दे." दोघांच्या भेटी कुणाला जाणार हे तिथेच अकरा जणांसमोर उघड झालं.

स्वतःचं नाव येणं हा दुर्मिळ योगायोग नाही. सगळ्यांनी एकाच वेळी आंधळेपणाने चिठ्ठ्या उचलल्या, तर निदान एकाला स्वतःचं नाव येण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के असते. गट सहाचा असो की साठचा, हा आकडा जवळपास हलत नाही. स्वतःचं नाव येणाऱ्या सोडती बाद केल्या तरी दुसरी अडचण उरते. दहापैकी जवळजवळ चार सोडतींत एखादी तरी अशी जोडी निघते की अ ने ब ला द्यायचं आणि ब ने अ ला. अशा जोडीतल्या दोघांना भेटी उघडताना लगेच अंदाज येतो आणि बाकीच्यांच्या खेळाशी त्यांचं काही नातं उरत नाही.

दोन्ही अडचणी सुटतात त्या सगळ्या गटाची एकच साखळी केल्यावर. पहिल्याने दुसऱ्याला द्यायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं करत शेवटच्याने पहिल्याला. या रचनेत स्वतःला भेट जाऊच शकत नाही आणि दोनपेक्षा जास्त माणसं असली की परस्पर जोडीही होत नाही. आयोजकालाही पत्ता न लागता ही साखळी कशी बांधायची, ते बारा जणांच्या गटाच्या उदाहरणाने पुढे सांगतो. पण चिठ्ठ्या कापायच्या आधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात.

आधी होकार, मग रक्कम

सोडतीच्या आठवडाभर आधी प्रत्येकाला एक छोटा कागद द्या. त्यावर नाव लिहायचं नाही. दोनच पर्याय ठेवा: "मी सहभागी होत नाही", किंवा "सहभागी आहे, मला झेपेल अशी जास्तीत जास्त रक्कम अमुक". नाही म्हणायची जागा कागदावरच हवी. ग्रुपवर "कोण कोण आहे?" असं विचारलं की ज्याला नको आहे तोही अंगठा दाखवून मोकळा होतो आणि ऐनवेळी गळतो. कागद जमल्यावर सहभागी किती तो आकडा कळतो. त्यानंतर ज्यांना खेळायचं आहे त्यांनी स्वतंत्र यादीत नाव लिहावं. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर कुणीतरी भिडेखातर हो म्हणालं आहे असं समजा आणि यादीची मुदत एक दिवसाने वाढवा.

आता रक्कम. समजा बारा कागदांवर हे आकडे आले: ३, ४, ४, ५, ५, ५, ५, ६, ६, ८, १०, ११. (आपल्या चलनात जे काही असेल ते धरा, इथे प्रमाण महत्त्वाचं.) यांची सरासरी बरोबर ६ येते आणि बहुतेक आयोजक तीच जाहीर करतात. पण बारापैकी सात जणांनी ६ पेक्षा कमी लिहिलं आहे. म्हणजे सरासरी धरली की निम्म्याहून जास्त गटावर झेपण्यापलीकडचा खर्च पडतो, आणि त्यातलं कुणी तोंडातून शब्द काढणार नाही. मी सर्वांत लहान आकडा घेतो, इथे ३. "एवढ्यात काय येणार?" असं दोघंतिघं म्हणतातच. त्यांना सांगायचं की एवढ्यातही बरंच काही येतं, फक्त निवडायला जरा जास्त वेळ घालावा लागतो. ११ लिहिणाऱ्याला ३ खर्च करणं जड जात नाही, उलटं मात्र जड जातं.

वरच्या मर्यादेबरोबर खालचीही सांगा. ती नसली की एकाच्या हातात मर्यादेला भिडणारी वस्तू पडते आणि शेजारच्याच्या हातात ऑफिसच्या कपाटातलं जुनं पेन. खालची मर्यादा वरच्या रकमेच्या साधारण चार-पंचमांश ठेवली तर दोघांतला फरक डोळ्यांत भरत नाही. मग उरतात तीन बारीक नियम. ते लिहून ठेवले नाहीत तर वाद हमखास होतो. सवलतीत घेतलेल्या वस्तूची किंमत म्हणजे प्रत्यक्ष दिलेले पैसे, डब्यावर छापलेले नाहीत. वेष्टन आणि घरपोच पाठवण्याचा खर्च रकमेत धरायचा नाही. हाताने केलेली वस्तू चालेल आणि तिला खालची मर्यादा लागणार नाही, पण घरात पडून असलेली वापरलेली वस्तू चालणार नाही.

तीन ओळींचा पसंतीचा कागद

हा कागद सोडतीच्या आधी सगळ्यांकडून भरून घ्या आणि सगळ्यांना दिसेल असा लावा. पहिली ओळ: मला कशात रस आहे. दुसरी: काय नको, म्हणजे वास सहन होत नाही, अमुक गोष्टीची ॲलर्जी आहे, मापाचे कपडे नकोत. तिसरी: माझ्याकडे आधीच भरपूर काय आहे. तिसरी ओळ नसती तर एकाच माणसाला वर्षानुवर्षं कॉफीचे मग मिळत राहतात. सगळ्यांचे कागद सगळ्यांना दिसणं महत्त्वाचं आहे, कारण "तुला काय आवडतं रे?" असं कुणी सोडतीनंतर विचारलं की खेळ संपला.

साखळी कापायची

हव्यात बारा एकसारख्या जाड कागदाच्या पट्ट्या, कात्री, बारा क्लिपा आणि ज्याची शाई मागे उमटत नाही असं पेन. मार्कर नको. एकदा मार्करचा सात मागून स्पष्ट वाचता येत होता आणि पट्ट्या पुन्हा करायला लागल्या.

प्रत्येक पट्टीच्या वरच्या अर्ध्यात "मी" आणि एक क्रमांक लिहा, खालच्या अर्ध्यात "भेट" आणि तोच क्रमांक. म्हणजे एका पट्टीवर वर "मी ७", खाली "भेट ७". अशा १ ते १२ पट्ट्या झाल्या. आता सगळ्या उलट्या करून टेबलावर पसरा आणि मिसळा. मिसळताना पट्टीचं वरचं टोक वरच राहायला हवं, एखादी उलटी फिरली तर पुढे गोंधळ होईल. त्यासाठी लिहिण्याआधीच सगळ्या पट्ट्यांच्या मागे वरच्या टोकाला सारखाच बारीक ठिपका द्या.

मिसळून झालं की बाराही पट्ट्या पाठ वर ठेवून एका ओळीत शेजारी शेजारी लावा. मग सगळ्या मधोमध आडव्या कापा. टेबलावर दोन ओळी तयार होतात, वरची "मी"वाल्या तुकड्यांची आणि खालची "भेट"वाल्यांची. वरची ओळ तशीच ठेवा. खालची ओळ एक घर उजवीकडे सरकवा आणि उजव्या टोकाला बाहेर पडलेला तुकडा डाव्या टोकाच्या रिकाम्या जागी आणून ठेवा. आता प्रत्येक वरच्या तुकड्याला त्याच्या खालचा तुकडा क्लिपेने जोडा. पाठच दिसत राहायला हवी, अजून कुणीही काही वाचलेलं नाही.

या एका घराच्या सरकण्यातून साखळी बनते. मिसळल्यावर पट्ट्या कोणत्याही क्रमाने लागलेल्या असोत, प्रत्येक "मी"च्या खाली शेजारच्या पट्टीचा "भेट" तुकडा येतो. स्वतःचा येणं शक्य नाही, आणि शेजाऱ्याचा शेजारी असं करत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन फेरी पूर्ण होते. सरकवायचं मात्र एकच घर. जास्त सरकवलं तर जास्त गुप्त होईल असं वाटतं, पण बारा पट्ट्यांत सहा घरं सरकवली तर थेट सहा परस्पर जोड्या होतात आणि चार घरं सरकवली तर तीन-तीन जणांच्या चार वेगळ्या साखळ्या.

बारा क्लिपा एका पिशवीत टाकून हलवा. प्रत्येकाने एक घ्यावी, आयोजकाने सगळ्यांत शेवटी. उघडल्यावर दिसेल, समजा, "मी ७, भेट ३". आता भिंतीवर १ ते १२ क्रमांकांचा कोरा तक्ता लावा आणि प्रत्येकाने आपापल्या "मी" क्रमांकापुढे नाव लिहावं. तक्ता भरला की सातला कळतं की तीन कोण आहे. तीनला मात्र आपल्याला कोण देणार हे कळत नाही, आणि आयोजकालाही फक्त आपल्यापुरतंच कळतं. तक्त्याचा फोटो ग्रुपवर टाका. स्वतःच्या चिठ्ठीचा फोटो प्रत्येकाने आपापल्या फोनमध्ये काढून ठेवावा, चिठ्ठी हरवणारा एक तरी असतोच. तरीही हरवलीच तर बाकीच्या अकरा जणांनी आपला "भेट" क्रमांक बिननावाच्या कागदावर लिहून गटाबाहेरच्या एखाद्याला द्यावा. जो क्रमांक त्यात नसेल तो हरवणाऱ्याचा.

नवरा-बायको, साहेब आणि त्यांचा सहकारी

गटात एक जोडपं आहे आणि त्यांनी एकमेकांना देण्यात मजा नाही. बारा जणांच्या साखळीत त्यांच्यापैकी एकाला दुसऱ्याचा क्रमांक येण्याची शक्यता अकरात दोन, म्हणजे १८ टक्के. पट्ट्यांच्या पद्धतीत हे आधीच टाळता येत नाही, पण नंतर हाताळता येतं. तक्ता भरल्यावर सगळ्यांना एक-एक कागद द्या आणि "ठीक" किंवा "पुन्हा" लिहून डब्यात टाकायला सांगा. एकही "पुन्हा" निघाला तर कारण न विचारता सोडत पुन्हा काढा, नव्या पट्ट्या आणि नवा तक्ता घेऊन. फक्त दोघांच्या चिठ्ठ्या बदलायचा मोह टाळा. अदलाबदल कुणात झाली हे सगळ्यांना दिसतं आणि साखळीचे तुकडेही पडू शकतात. "पुन्हा" कशासाठी लिहायचं हे मात्र आधी सांगून ठेवा: जोडीदार, थेट वरिष्ठ किंवा ज्याच्या पगाराचा निर्णय आपल्या हातात आहे तो. नावडता माणूस हे कारण चालत नाही.

अशा वर्ज्य जोड्या तीन-चार असल्या की पट्ट्या कापून कापून हात दुखतील. मग गटाबाहेरच्या, म्हणजे खेळात नसलेल्या माणसाला हे काम द्या आणि त्याला स्प्रेडशीट वापरू द्या. A2 ते A13 मध्ये नावं, आणि B2 मध्ये हे टाकून खाली ओढायचं:

```
=RAND()
```

दोन्ही रकाने एकत्र निवडून B प्रमाणे क्रम लावला की नावं मिसळली जातात. B मधले आकडे शीट प्रत्येक हालचालीला बदलत राहते, पण नावांचा क्रम पुन्हा क्रमवारी लावेपर्यंत हलत नाही. म्हणून क्रम एकदाच लावायचा आणि B रकाना लगेच पुसून टाकायचा, म्हणजे चुकून दुसऱ्यांदा लागणार नाही. मग C2 मध्ये पुढच्या ओळीतलं नाव आणायचं आणि ते C12 पर्यंत ओढायचं, शेवटच्या C13 मध्ये पहिलं नाव:

```
C2:  =A3
C13: =A2
```

A ने C ला द्यायचं. वर्ज्य जोडी शेजारी आली असेल तर B मध्ये नवे आकडे टाकून पूर्ण क्रम पुन्हा मिसळायचा. ही फाइल त्या माणसाच्या स्वतःच्या खात्यात असावी. आमच्याकडे एका वर्षी ती सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमध्ये केली गेली. यादी नंतर पुसली, पण फाइलच्या जुन्या आवृत्त्या उघडल्या की ती जशीच्या तशी दिसत होती, आणि ते शोधून काढायला एकाला दहा मिनिटंही लागली नाहीत.

कुणी मधेच गळलं तर

इथे साखळीचा खरा फायदा कळतो. समजा सातला अचानक दुसऱ्या शाखेत जावं लागलं. त्याने आयोजकाला एवढंच सांगायचं: "मी सात, माझी भेट तीनला होती." आयोजक ग्रुपवर लिहितो: "ज्याच्या चिठ्ठीवर भेट ७ आहे, त्याने आता ३ ला द्यावी." झालं. तो कोण, हे अजूनही कुणाला माहीत नाही. तीनला एवढंच कळलं की सात आपल्याला देणार होता, आणि सात आता खेळातच नाही. डब्यातून काढलेल्या चिठ्ठ्यांत सात आणि तीन ही परस्पर जोडी निघाली असेल, तर हेच करायला गेल्यावर तीनची भेट तीनलाच जाते.

हे चालतं ते सातसाठी कुणी खरेदी केलेली नसेल तोपर्यंतच. म्हणून गळण्याची शेवटची तारीख ठेवायची. त्यानंतर जाणाऱ्याने आपली भेट तरी पोचती करायची, आणि त्याच्यासाठी आलेली त्याला पाठवून द्यायची.

सोडतीनंतर नवा माणूस आला तर मात्र मी नाही म्हणतो. साखळीत त्याला मधे बसवायला कुणाला तरी आपली चिठ्ठी त्याला द्यावी लागते, आणि मग आपल्याला कोण देणार हे नव्याला कळतंच. फारच आग्रह असेल तर आयोजकाने स्वतःची चिठ्ठी त्याला द्यावी आणि स्वतः नव्याला भेट द्यावी. त्या दोघांपुरतं गुपित जातं, बाकी अकरा जणांचं टिकतं.

तारीख मागून पुढे मोजा

वाटपाचा दिवस आधी पक्का करा आणि तिथून उलटे मोजत या. आठवड्याच्या मधला दिवस चांगला. टोकाच्या दिवसांना सुट्ट्या आणि घरून काम दोन्ही चिकटलेलं असतं. आमचं गणित असं बसलं आहे: वाटपाच्या २८ दिवस आधी रकमेचे कागद, २१ दिवस आधी सोडत, १० दिवस आधी गळण्याची शेवटची तारीख, २ दिवस आधी भेटी जमा. सोडत आणि वाटप यांत तीन आठवड्यांपेक्षा जास्त अंतर ठेवलं तर लोक विसरतात, दोनपेक्षा कमी ठेवलं तर ऑनलाइन मागवलेली वस्तू येत नाही किंवा चुकीची आल्यावर बदलून मिळत नाही.

वाटपाच्या दिवशीच भेट घेऊन या, असं कधीही सांगू नका. त्या सकाळी कोण कुठला डबा घेऊन आत शिरलं हे सगळे बघत असतात, आणि एखादी भेट आलीच नाही तर हाताशी वेळ नसतो. दोन दिवस आधी एखादं कपाट किंवा मोठं खोकं मोकळं ठेवा आणि दिवसभरात केव्हाही गुपचूप ठेवायला सांगा. पुडक्यावर फक्त घेणाऱ्याचा क्रमांक, तोही छापलेला. शेजारी बसणाऱ्याचं अक्षर लोक एका आकड्यावरूनही ओळखतात. बारा छापलेले क्रमांक सोडतीच्या दिवशीच एका पाकिटात कपाटाजवळ ठेवले की काम सोपं होतं.

संध्याकाळी मोजा. अकराच असतील तर कुणासाठीची आली नाही ते आयोजकाला दिसतं, पण ग्रुपवर तो क्रमांक टाकू नका, त्या माणसाला उगाच वाईट वाटतं. "बारापैकी अकरा आल्या, राहिलेल्याने उद्या दुपारपर्यंत ठेवावी" एवढंच लिहा. उद्या दुपारीही नाही आली, तर आयोजकाने आधीच घेऊन ठेवलेली एक सर्वांना चालेल अशी भेट त्या क्रमांकाने आत ठेवायची. तिचा खर्च कुणी करायचा हे पहिल्या दिवशीच ठरलेलं हवं. आम्ही बारा जण मिळून तो वाटून घेतो.

दुसऱ्या गावी बसून काम करणारा एक जण असेल तर त्याच्यासाठी दोन गोष्टी बदलतात. त्याच्या सोडतीची क्लिप गटाबाहेरचा माणूस उचलून दोन्ही क्रमांक त्याला खाजगीत कळवतो आणि तक्त्यात त्याचं नाव लिहितो. त्याच्या घरी जाणारं पार्सल थेट दुकानातून पाठवलं तर आतल्या बिलावर पाठवणाऱ्याचं नाव आणि किंमत दोन्ही जातात. म्हणून भेट आधी ऑफिसात आणायची, बाकीच्यांसारखी कपाटात ठेवायची, आणि सगळी जमली की ऑफिसच्या नावाने पुढे पाठवायची. त्याच्यासाठीची जमा करायची तारीख प्रवासाच्या दिवसांएवढी आधी धरा आणि ती सगळ्यांसाठी तीच ठेवा, नाहीतर लवकर ठेवणारा कोण ते कळतं.

उघडताना

बारा भेटींना तीन-तीन मिनिटं धरली तर छत्तीस मिनिटं लागतात. सुरुवात चिठ्ठी टाकून कुणापासूनही करा. समजा नऊने उघडली. तिने देणारा कोण याचा एकच अंदाज सांगायचा, पण खरं-खोटं कुणी बोलायचं नाही. मग तिने आपण कुणाला दिलं ते सांगायचं, आणि पुढची भेट त्याची. साखळी असल्यामुळे वर्तुळ स्वतःच पुढे सरकत राहतं, कुणी दोनदा येत नाही आणि कुणी राहत नाही. बाराव्याने "मी नऊला दिली" म्हटलं की पहिल्या अंदाजाचा निकाल लागतो. आमच्याकडे गेल्या वेळी पहिल्या अंदाजात ज्याचं नाव घेतलं होतं तोच बारावा निघाला, आणि तो सगळा वेळ एक अक्षर न बोलता बसला होता.